ड्रेनेज शीट लावली तरी पाणी भिंतीपर्यंत येतंच

प्रश्न: दादर पश्चिमेला आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट चालू आहे. एक बेसमेंट आहे, रस्त्यापासून साधारण चार मीटर खोल. तीन बाजूंना भिंतीबाहेर मीटरभर जागा आहे, चौथ्या बाजूला शेजारच्या बिल्डिंगला लागून पाइल मारलेत. कंत्राटदार म्हणतो, बाहेरून पाणी अडवणारं मेम्ब्रेन, त्यावर प्रोटेक्शन बोर्ड, त्यावर ड्रेनेज शीट. कमिटीतल्या एकाचं म्हणणं असं की ड्रेनेज शीटने पाण्याचा दाब निघूनच जातो, मग मेम्ब्रेन स्वस्तातलं चालेल आणि बोर्ड तर नकोच. भराव पंधरा दिवसांत घालायचाय. आम्ही नक्की काय बघावं?

उत्तर:

दाब निघून जातो, पण पाण्याला पुढे जायला वाट असेल तरच. तुमच्या कमिटीतल्या गृहस्थांचं निम्मं बरोबर आहे, आणि मुंबईत नेमकं उरलेलं निम्मं नडतं.

आधी दाबाचा अंदाज घ्या. पाण्याची पातळी दर एक मीटर वर चढली की तळाशी दर चौरस मीटरला एक टन दाब वाढतो. पावसाळ्यात तुमच्याकडे पाणी जमिनीच्या पातळीला आलं असं धरायचं, कारण ते येतं. म्हणजे भिंतीच्या पायाशी दर चौरस मीटरला चार टन, आणि अख्ख्या उंचीवरचा मिळून, भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर आठ टन. ड्रेनेज शीट म्हणजे फुगवट्यांची प्लास्टिकची चादर, फुगवटे साधारण 8 मिमी उंच, त्यांवर जिओटेक्स्टाइलचं कापड. मातीतून आलेलं पाणी कापडातून गाळून आत येतं, फुगवट्यांमधून सरळ खाली घसरतं आणि तळाच्या भोकांच्या पाइपात जातं. तिथून समपमध्ये, म्हणजे पाणी गोळा करायच्या खड्ड्यात, समपमधून पंपाने वर, महापालिकेच्या गटारात. हे सगळं चालू असेल तोवर भिंतीवर पाण्याचा दाब जवळपास नसतो, हे खरं.

आता जुलैतली मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला असं धरा. आपली बहुतेक पर्जन्यजलवाहिन्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत, त्यामुळे गटार स्वतःच तुडुंब असतं. त्यात लाइट गेली किंवा पंपाचा फ्लोट अडकला, तर 8 मिमीची ती फट भरायला किती वेळ लागणार? आणि एकदा ती भरली की दाब पूर्ण. पाण्याचा दाब ठरतो तो उंचीवर, जाडीवर नाही. चार मीटर उंच आणि 8 मिमी रुंद पाण्याचा पडदा भिंतीला तेवढंच दाबतो जेवढं चार मीटर खोल तळं दाबेल. म्हणून भिंत, तिचं लोखंड आणि मेम्ब्रेन, तिन्ही गोष्टी ड्रेनेज नाहीच असं समजून, जमिनीपर्यंत पाणी धरून ठरवायच्या. तुमच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटला एवढंच विचारा, 'भिंतीच्या डिझाइनमध्ये पाणी कुठपर्यंत धरलंय?' उत्तरात 'ड्रेनेज आहे ना' असं आलं तर कमिटीची बैठक तिथेच बोलवा.

बोर्ड का लागतो हे सांगण्याआधी एक साइट सांगतो, कारण तुम्ही जे वगळायचा विचार करताय ते सगळं तिथे वगळलं गेलं होतं.

शिवडीच्या बाजूला, भरावाच्या जमिनीवरची इमारत. बेसमेंट तुमच्याएवढंच, सव्वाचार मीटर. मला बोलावलं तेव्हा रंगकाम झालेलं होतं. तिसऱ्या कॉलमजवळ फरशीपासून हातभर वर ओल, तिच्याखाली मिठाचे पांढरे फुलोरे. कंत्राटदाराचं म्हणणं पडलं की हा वरच्या पाइपलाइनचा पाझर आहे. आम्ही भिंतीला पन्हाळीसारखी पत्र्याची पट्टी चिकटवली, खाली बादली ठेवली आणि वॉचमनला वही दिली. एक लिटर भरायला किती मिनिटं लागतात ते दर दोन तासांनी लिहायचं. तीन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. भरतीनंतर काही वेळाने बादली लवकर भरायची, ओहोटीनंतर सावकाश. पाइपलाइनला भरती-ओहोटी कळत नाही. बादलीतलं पाणी तपासलं तर क्लोराइड भरपूर, महापालिकेच्या पाण्यात असतं त्याच्या कितीतरी पट.

ओल होती त्याच जागी आतून गळती बुजवायचं इंजेक्शन मारलं. तिथलं थांबलं, मीटरभर पुढे सुरू झालं. तिथे मारलं, आणखी पुढे सुरू झालं. शेवटी डिसेंबरात, बाहेरचा ड्राइव्हवे व्हायचा होता म्हणून, दोन्ही बाजूंना आधार देऊन खड्डा खणला. पायाशी पोहोचल्यावर पहिलं दिसलं ते असं, की थर्मोकोलचे बोर्ड जागेवरून घसरून खाली ढिगाने पडलेले. भरावात जुन्या चाळीचं डेब्रिज होतं. मोझेक टाइलचा एक तुकडा कोपऱ्यावर उभा राहून मेम्ब्रेनमध्ये घुसला होता आणि तळहाताएवढं भोक पडलं होतं. ही जागा आतल्या पहिल्या ओलीपासून साडेतीन मीटर लांब. मधलं अंतर पाणी मेम्ब्रेनच्या पाठीमागून चालत गेलं होतं. मी कटरने एक चीर मारली तर अख्खी पट्टी हातात आली, मागे पाण्याचे फुगे, काँक्रीटवर प्रायमरचा मागमूस नाही. चिकटलं होतं फक्त लॅपवर, म्हणजे पट्टीवर पट्टी येते तिथे. आणि तळाचा भोकांचा पाइप? तो समपपर्यंत नेलाच नव्हता. कोपऱ्यात येऊन बंद, आत चिखल. म्हणजे ड्रेनेज शीट लावलेली होती, बिलही झालं होतं, आणि पाणी तिच्यात जमिनीपर्यंत उभं होतं.

यातली मुख्य गोष्ट भोक नाही. भोक पडू शकतं. मुख्य गोष्ट ही, की मेम्ब्रेन काँक्रीटला पूर्ण चिकटलेलं असतं तर त्या भोकातलं पाणी तिथेच अडलं असतं. मागचं काँक्रीट घट्ट असतं तर आत एक थेंबही दिसला नसता, आणि दिसलाच असता तर भोकासमोरच दिसला असता, जिथे एका इंजेक्शनने काम झालं असतं. बाहेरून लावलेल्या मेम्ब्रेनला पाणी भिंतीवर दाबून धरतं, ही तिची मोठी सोय. पण मागे पोकळी असेल तर एका भोकाने सगळी भिंत भिजते. त्यामुळे 'स्वस्तातलं की महाग' या वादाआधी 'चिकटणार कसं' हे बघा. भिंतीला मी 4 मिमी जाडीचं, पॉलिएस्टरच्या जाळीचं, गॅसच्या टॉर्चने चिकटवायचं एपीपी बिटुमेन मेम्ब्रेन पसंत करतो. दीड मिमीचं स्वतः चिकटणारंही चांगलं असतं, पण त्याला भिंत आरशासारखी साफ लागते आणि एप्रिलच्या उन्हात उघडं राहिलं तर ते वरून लोंबायला लागतं.

भिंतीची तयारी कशी होते यावर निम्मं काम ठरतं. शटरिंग काढल्यावर टाय रॉडची भोकं राहतात. ती वरवर सिमेंट थापून बुजवतात, ते चालणार नाही. भोक बाहेरच्या बाजूने शंकूसारखं मोठं करून, आतला प्लास्टिकचा पाइप तेवढा काढून, न आकसणाऱ्या मॉर्टरने ठासून भरलं पाहिजे. काँक्रीट पोकळ राहून हनीकोंब दिसेल तिथे हातोडीने वाजवा. भुगा पडतो तोवर तोडत जायचं, पक्कं काँक्रीट लागलं की थांबायचं, मग पॉलिमर मॉर्टर. शटरिंगच्या प्लायच्या सांध्यांवर काँक्रीटच्या धारा उभ्या राहतात, त्या ग्राइंडरने घासायच्या. शटरिंगचं तेल राहिलं असेल तर प्रायमर धरत नाही. तेही घासून काढायचं.

आणि ओल. संध्याकाळी भिंतीवर फूट-दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने बंद करून ठेवा. सकाळी आतून दव दिसलं किंवा काँक्रीट काळपट झालं, तर त्या दिवशी प्रायमर लावायचा नाही. हे काम तुम्ही कमिटीवाले स्वतः करू शकता, चार-पाच ठिकाणी करा, पायाशी नक्की करा. पंधरा दिवसांची घाई आहे म्हणालात. माझ्या मते घाई परवडणार नाही अशी जागा कुठली असेल तर ती हीच. प्रायमर लावल्यावर बोट टेकवून बघायचं. बोटाला लागत नाही, तेव्हाच रोल उघडायचा.

सगळ्यात जास्त गळती मी पाहिली आहे ती राफ्ट, म्हणजे तळाचा जाड काँक्रीटचा स्लॅब, आणि भिंत जिथे भेटतात तिथे. कारण साधं आहे. राफ्टखालचं मेम्ब्रेन पीसीसीवर, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटच्या थरावर, अंथरलेलं असतं आणि त्याची कड राफ्टच्या बाहेर तीस-चाळीस सेंटीमीटर काढून ठेवलेली असते, पुढे भिंतीच्या मेम्ब्रेनला जोडायला. मधल्या दोन महिन्यांत त्या कडेवरून लोक चालतात, तिच्यावर सळया आपटतात, शटरिंगचे टेकू रोवले जातात, वेल्डिंगची ठिणगी पडते. भिंतीची वेळ येते तेव्हा ती कड चिखलात गाडलेली चिंधी झालेली असते आणि कोणीतरी तिच्यावरच नवीन पट्टी डकवतो. तुमच्याकडे राफ्ट झालेला दिसतोय, तर आजच जाऊन ती कड बघा. चांगली असेल तर तिच्यावर वाळू-सिमेंटचा थर किंवा बोर्ड टाकून ठेवायला सांगा. फाटली असेल तर फाटकी बाजू कापून, शाबूत भागापर्यंत मागे जाऊन जोड द्यायला सांगा. त्यासाठी पीसीसी थोडं तोडावं लागलं तरी तोडू द्या.

राफ्टची कड आणि भिंत यांच्या कोपऱ्यात काटकोन ठेवायचा नाही. पन्नास मिमीचा मॉर्टरचा गोलसर वाटा मारायचा, म्हणजे मेम्ब्रेन गोलाईने वळतं. काटकोनात त्याच्या मागे पोकळी राहते आणि दाब आला की तिथेच ते ताणून फाटतं. वाट्यावर आधी फूटभर रुंदीची वेगळी पट्टी, मग मुख्य मेम्ब्रेन. भिंत ज्या सांध्यावर उभी केली, त्या स्टार्टरच्या सांध्यात वॉटरबार, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, घातला होता का, हेही विचारा. काँक्रीटमध्ये गेलेली वस्तू आता दिसणार नाही, पण ओतकामाच्या वेळचे फोटो मागा.

मेम्ब्रेनचे रोल मीटरभर रुंदीचे असतात. चार मीटर भिंतीला एकदम चार मीटर लांब पट्टी लावायला गेलं की ती स्वतःच्या वजनाने खाली ओढते. दोन-दोन मीटरचे तुकडे करा, खालचा आधी, वरचा त्याच्यावर येईल असा, कौलांसारखा. बाजूचा लॅप 100 मिमी, टोकाचा 150, आणि शेजारच्या पट्ट्यांचे टोकाचे लॅप एका रेषेत नकोत. लॅप नीट तापला की कडेने वितळलेलं बिटुमेन बारीक दोरीसारखं बाहेर येतं. ती काळी दोरी सलग दिसली पाहिजे. मी एक बोथट स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळ्या लॅपच्या कडेने फिरवतो. टोक कुठे आत गेलं की तिथे खडूने फुली. दुसरी कसोटी जरा क्रूर आहे. कंत्राटदाराला न सांगता निवडलेल्या दोन जागी हातभर पट्टी कापून ओढून बघायची. मेम्ब्रेन फाटलं आणि बिटुमेन भिंतीवर राहिलं तर उत्तम. सोललेल्या केळ्यासारखं निघालं तर त्या दिवसाचं काम परत. कापलेल्या जागेवर अर्थातच ठिगळ, चारही बाजूंना 150 मिमी जास्त.

टॉर्चबद्दल एक गोष्ट, जी निविदेत कधी नसते. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला तर खड्ड्यात साचतो. सिलिंडर वर ठेवायचा, खाली फक्त नळी, आणि सकाळी काम सुरू करण्याआधी नळीला साबणाचं पाणी. मीटरभर रुंदीच्या चरात, चार मीटर खाली, बाहेर पडायला एकच शिडी असताना आग लागली तर पळणार कुठे? किमान दोन शिड्या ठेवायला लावा.

आता बोर्ड. सगळ्यांना वाटतं बोर्ड दगडापासून वाचवतो. वाचवतो, पण त्याहून मोठं काम वेगळं आहे. भराव कितीही धुम्मस मारून बसवला तरी पुढच्या दोन पावसाळ्यांत तो आणखी बसतो. बसताना जे त्याला चिकटलेलं असेल ते सगळं तो खाली ओढतो. मधे बोर्ड असेल तर ओढ बोर्डाला लागते, मेम्ब्रेनवरून बोर्ड किंचित सरकतो आणि मेम्ब्रेन जागेवर राहतं. बोर्ड नसेल तर मेम्ब्रेनचे लॅप ओढले जातात. शिवडीला बोर्ड होते, पण हलके, सुटे, गोंदाच्या चार टिपक्यांवर टेकवलेले, त्यामुळे भराव टाकायला लागल्याबरोबर ते निसटले. म्हणून एक्सपीएसचे, म्हणजे दाट कडक फोमचे, बोर्ड घ्या, 25 ते 50 मिमी जाड, किंवा बिटुमेनचे 3 मिमीचे बोर्ड. पॅकिंगमधलं भुसभुशीत थर्मोकोल नको, ते मातीच्या भाराने दबून पापड होतं. पहिली रांग राफ्टच्या कडेवर टेकलेली, म्हणजे खाली घसरायला जागाच नाही, सांधे एकमेकांना भिडलेले, आणि चिकटवायला मेम्ब्रेनला चालणारा गोंद किंवा दुहेरी टेप. सॉल्व्हंटचा गोंद बिटुमेनही वितळवतो आणि एक्सपीएसही. आणि खिळा नाही. मी एका साइटवर बोर्ड काँक्रीटच्या खिळ्यांनी ठोकताना पाहिलाय, दर बोर्डाला सहा. मुकादम म्हणाला, 'साहेब, हलणार नाही आता.' खरंच हलला नसता.

ड्रेनेज शीट लावताना एकच चूक होते, पण ती फार होते. बाजू उलटी लागते. कापड चिकटवलेली शीट असेल तर कापड मातीकडे, सपाट पाठ बोर्डाकडे. बिनकापडाची नुसती फुगवट्यांची शीट आणली, तर ती भिंतीकडे फुगवटे करून लावायची पद्धत आहे, पण तिथे मातीचा भार सगळा फुगवट्यांच्या टोकांवर येतो आणि मधे बोर्ड नसेल तर ती टोकं मऊ बिटुमेनमध्ये रुततात. म्हणून कापडाचीच घ्या. तिचे खिळे फक्त वरच्या कडेला, मेम्ब्रेन जिथे संपतं त्याच्या वर. आणि वरची कड पट्टीने बंद. ती उघडी राहिली तर पावसाचं पाणी आणि माती थेट आत पडते, आणि जी शीट पाणी काढायला लावली तीच पाणी भरायची टाकी होते. जमिनीचा शेवटचा अर्धा मीटर कमी झिरपणाऱ्या मातीचा, वर इमारतीपासून बाहेर उताराचं प्लिंथ प्रोटेक्शन, हे त्याच्यासाठीच.

तळाचा पाइप 150 मिमीचा, भोकं खालच्या बाजूला, 100 मीटरला अर्धा ते एक मीटर उतार, भोवती 20 मिमीची खडी आणि सगळ्याला जिओटेक्स्टाइलची गुंडाळी. त्याची पातळी बेसमेंटच्या फरशीपेक्षा खाली हवी, पण राफ्टच्या बुडापेक्षा खाली नको, नाहीतर राफ्टच्या कडेखालची माती धुऊन निघेल. प्रत्येक कोपऱ्यात जमिनीपर्यंत येणारा उभा पाइप ठेवा, झाकणासकट. पुढे गाळ साचला तर तिथून पाण्याचा फवारा मारून पाइप धुता येतो. शिवडीला हे असतं तर पाइप बंद आहे हे पहिल्याच महिन्यात कळलं असतं. समप भिंतीच्या बाहेर ठेवा. पाइप भिंत फोडून आतल्या समपमध्ये आणायची सूचना तुम्हाला होईल, कारण ते स्वस्त पडतं. म्हणजे एवढे पैसे खर्चून जी भिंत बंद केली, तिच्यात सगळ्यात खोल जागी आपणच भोक पाडायचं. दोन पंप, आलटून पालटून चालणारे, जनरेटरवर, आणि बाहेर जाणाऱ्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर भरतीत गटार उलटं समपमध्ये येतं.

एक काळजी मात्र घ्या. पंप बारा महिने भडाभडा चालत असेल आणि पाणी गढूळ येत असेल, तर तुम्ही शेजाऱ्याच्या पायाखालची माती उपसताय. दादर-माहीमच्या किनारपट्टीकडे वाळूचे थर लागतात, आणि शेजारी जुनी बिल्डिंग असेल तर तिचे पाये उथळ असतात. समपमधलं पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला बोटाएवढा गाळ दिसला तर जिओटेक्स्टाइल चुकीचं आहे किंवा कुठेतरी फाटलंय.

भरावासाठी चाळलेला मुरूम. डेब्रिज अजिबात नाही, तुमच्याच पाडलेल्या बिल्डिंगचं फुकट पडलेलं असलं तरी नाही. डंपर कडेला लावून वरून ओतू द्यायचा नाही. फूटभराचे थर, थोडं पाणी, छोटा प्लेट कॉम्पॅक्टर, आणि भिंतीलगतच्या पट्ट्यात हातधुम्मस. तीन बाजू एकदम, सारख्या उंचीने चढवा. आणि वरचा स्लॅब पडला नसेल तर भिंत अजून वरून मोकळी आहे, तेव्हा कुठल्या उंचीपर्यंत भरायचं ते कन्सल्टंटकडून लिहून घ्या.

चौथ्या बाजूला हे काहीच करता येणार नाही, कारण तिथे उभं राहायलाच जागा नाही. तिथे पाइलचा उंचसखल चेहरा आधी गनाइटिंगने, म्हणजे दाबाने फवारलेल्या मॉर्टरने, सपाट करून, त्यावर आधी लावायचं मेम्ब्रेन उभं करतात आणि मग त्याच्यावर भिंतीचं काँक्रीट ओततात. ओलं काँक्रीट त्याला स्वतः चिकटतं. तुमची ती भिंत झाली असेल तर तिथे काय लावलं ते शोधा. नसेल लावलं तर ती बाजू आतूनच सांभाळावी लागेल, आणि हे आत्ताच माहीत असलेलं बरं. लावलं असेल तर दोन्ही कोपऱ्यांतला जोड स्वतः जाऊन बघा. दोन वेगळ्या मेम्ब्रेन भेटतात तिथे, एक बिटुमेनची आणि एक प्लास्टिकची, आणि टॉर्चने त्या एकमेकींना धरत नाहीत. दोन्ही कंपन्यांना चालणारी जोडपट्टी कुठली, ते लेखी घ्या.

वरच्या बाजूला मेम्ब्रेन तयार जमिनीच्या किमान 150 मिमी वर न्यायचं असं पुस्तकात असतं. मी मुंबईत तीनशेच्या खाली थांबत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस झाला, त्या दिवशी ज्यांनी पाणी कुठे आलं ते पाहिलंय त्यांच्याशी याबद्दल वाद होत नाही. कड भिंतीत खाच मारून आत वळवायची, वर ॲल्युमिनियमची पट्टी आणि सीलंट. रॅम्पचं तोंड मात्र त्याहून खाली असेल तर हे सगळं वाया, पाणी दारातूनच येईल.

शेवटी परीक्षा. भिंत उभी आहे, तिच्यावर टाकीसारखं पाणी भरून बघता येत नाही. पण बांधकामाच्या खड्ड्यातलं पाणी उपसणारे डीवॉटरिंग पंप कधीतरी बंद करावेच लागतात, तीच परीक्षा. ते कधी बंद करायचे हे कंत्राटदाराने ठरवायचं नाही. चार मीटर पाणी राफ्टला दर चौरस मीटरला चार टनांनी वर उचलतं, आणि साठ सेंटीमीटर जाड राफ्टचं स्वतःचं वजन दीड टन. वर पुरेसे स्लॅब पडेपर्यंत पंप थांबले तर बेसमेंट होडीसारखं वर येऊ शकतं. कन्सल्टंटने लेखी होकार दिला की रोज थोडं थोडं पाणी चढू द्या, आणि आतून भिंत उघडीच ठेवा. प्लास्टर नाही, रंग नाही, टाइल तर नाहीच. एक पूर्ण पावसाळा काढा. बिल्डर पझेशनची घाई करेल, तरी बेसमेंटचा रंग ऑक्टोबरनंतर. ओल दिसली की तिच्या कडेने खडूची रेघ मारून तारीख लिहा, आठवड्याने पुन्हा दुसरी रेघ. रेघ आहे तिथेच राहिली आणि मेम्ब्रेन चिकटलेलं असेल तर एका इंजेक्शनचं काम आहे. रेघ भिंतीभर पसरत गेली तर बाहेरच्या भरावावर पेव्हर ब्लॉक बसायच्या आत मला किंवा माझ्यासारख्या कोणालातरी बोलवा.